ब्रोकन

पूर्ण नावानं त्याला आमच्या खात्यात कुणीच हाक मारत नसे. कागदावर तो 'ब्रोकन पीरियड इंटरेस्ट', पुस्तकात 'उपार्जित व्याज', जुन्या हिशेबनिसांच्या तोंडी 'चढलेलं व्याज'. पण सौदा झाला की टेबलापलीकडून प्रश्न यायचा तो एवढाच, "ब्रोकन किती?" आणि कॅल्क्युलेटर हातात असलेला माणूस आकडा सांगायचा. भाव विचारला जायचा उत्साहानं, ब्रोकन विचारला जायचा सवयीनं. घरात पाहुण्यांची विचारपूस होते आणि म्हातारा जेवला का, एवढंच विचारलं जातं, तसं.

मी एका नागरी सहकारी बँकेच्या गुंतवणूक खात्यात होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावाच लागतो, तो बहुतेक सरकारी रोख्यांत असतो, त्यामुळे रोखे घेणं-विकणं हे आमचं रोजचं काम. एवढ्या वर्षांत मी भाव चढताना-पडताना पाहिले, अंदाज चुकताना पाहिले. चुकला नाही तो ब्रोकन. त्याच्याबाबतीत चुकत आलो ते आम्ही.

त्याचा जन्म कूपनच्या दिवशी होतो. '7.10% जीएस 2034' हा रोखा घ्या. 8 एप्रिल 2024 ला निघालेला, 8 एप्रिल 2034 ला फेडीचा. शंभर रुपये दर्शनी किमतीवर वर्षाला 7 रुपये 10 पैसे व्याज, तेही दोन हप्त्यांत: 8 ऑक्टोबरला 3 रुपये 55 पैसे, 8 एप्रिलला तेवढेच. सरकार मधल्या काळात कुणालाही काही देत नाही. कूपनच्या वेळी ज्याच्या खात्यात रोखा, त्याला सहा महिन्यांचं सगळं व्याज. त्यानं रोखा सहा महिने सांभाळला की सहा दिवस, हे सरकार विचारत नाही.

सरकार विचारत नाही म्हणून बाजाराला विचारावं लागतं. समजा, एकानं 8 एप्रिलपासून रोखा धरला आणि जूनमध्ये विकला. त्या अडीच महिन्यांचं व्याज त्यानं कमावलेलं आहे, पण हातात काही आलेलं नाही. ते ऑक्टोबरात घेणाऱ्याच्या खात्यात पडणार. मग घेणाऱ्यानं ते आजच विकणाऱ्याच्या हातावर ठेवायचं, आणि ऑक्टोबरात पूर्ण कूपन आलं की त्यातून वसूल करायचं. या मधल्या दिवसांच्या पैशाचं नाव ब्रोकन.

आमचा एक सौदा अजून लक्षात आहे. सौदा 19 जून 2024 चा, पैसे आणि रोखा यांची अदलाबदल दुसऱ्या दिवशी, 20 जूनला. ब्रोकन मोजायचा तो पैसे देण्याच्या दिवसापर्यंत. सौद्याच्या दिवसाशी त्याचा संबंध नाही. नवशिक्याची पहिली चूक बहुधा इथंच होते. 8 एप्रिल ते 8 जून दोन महिने, म्हणजे 60 दिवस. पुढं 20 जूनपर्यंत 12. एकूण 72. वर्ष 360 दिवसांचं. 7.10 गुणिले 72 भागिले 360, उत्तर 1.42. दर शंभराला 1 रुपया 42 पैसे.

भाव हिशेबाला सोपा पडावा म्हणून सरळ 101 धरतो. त्या दिवसांत बाजार त्याच्या आसपासच होता. दर्शनी रक्कम 5 कोटी. भावाप्रमाणे झाले 5 कोटी 5 लाख. ब्रोकन 7 लाख 10 हजार. खात्यातून गेले 5 कोटी 12 लाख 10 हजार. पडद्यावर दिसणारा 101 हा आकडा क्लीन प्राइस. त्यात ब्रोकन मिसळून झालेला 102.42 हा डर्टी प्राइस. नावं इंग्रजी, आणि 'डर्टी' या शब्दामुळे ब्रोकन म्हणजे काहीतरी मळ असावा असं वाटतं. तसं काही नाही. डर्टी म्हणजे एकूण देय रक्कम, इतकंच.

हा सौदा गुंतवणूक समितीपुढं गेला तेव्हा तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. तात्या आमचे संचालक, दुधाच्या धंद्यात केस पांढरे झालेले. बँकेचा पैसा म्हणजे स्वतःच्या खिशातला, असं समजून कागद वाचणारे.

"साहेब, हितं भाव लिवलाय एकशे एक. पैशे गेले एकशे दोन बेचाळीस. मधले एक बेचाळीस, हजार का लाख, ते कुणी खाल्ले?"

"खाल्ले नाहीत तात्या. व्याजाचे आहेत. सात लाख दहा हजार. आठ ऑक्टोबरला परत येतील."

"ऑक्टोबरात येणार ते व्याज आपलं. मग त्याला आजच कशाला दिलं?"

मी कूपन, तारखा, 360 दिवस असं बरंच काही सांगितलं. तात्या ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. मग एकाएकी तेच म्हणाले, "थांबा. म्हंजे गाभण म्हैस."

"कशी?"

"दोन महिन्यांची गाभण म्हैस आन् आठ महिन्यांची गाभण म्हैस, एका भावात देतं का कुणी? वैरण त्यानं घातलीय. रेडकू माझ्या गोठ्यात व्हणार. त्येची वैरण मी द्यायला नको?"

मी मान डोलावली. एवढी वर्षं मला जे दोन वाक्यांत सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी गोठ्यातून आणलं. फरक एवढाच की म्हशीच्या बाजारात वैरणीचा हिशेब अंदाजानं होतो, व्यापाऱ्याच्या जिभेवर ठरतो. ब्रोकनबाबत घासाघीस नाही. त्याचा आकडा दोन्ही पक्षांनी वेगवेगळा काढला तरी पैशापर्यंत एकच यावा लागतो. भांडायचं ते भावावर.

आता प्रश्न असा, की एवढा प्रामाणिक गडी पडद्यावर का दिसू द्यायचा नाही? सरळ 102.42 हाच भाव का लावत नाहीत? याचं उत्तर त्याच्या स्वभावात आहे. तो रोज वाढतो. 5 कोटींवर दिवसाला 9,861 रुपये, बाजार हलो न हलो, शनिवार-रविवार असो, डीलर रजेवर असो. 7 ऑक्टोबरला तो शंभराला 3 रुपये 53 पैसे झालेला असतो. 8 ऑक्टोबरला कूपन वाटलं जातं आणि तो शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक दिवसाचा. डर्टी प्राइसचा आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: सहा महिने चढ, एका रात्रीत कडेलोट, पुन्हा चढ. हा आलेख पाहून रोखा महाग झाला की स्वस्त, हे कुणाला कळणार? क्लीन प्राइस म्हणजे त्या करवतीचे दाते घासून काढल्यावर उरलेली रेघ. व्याजदर हलले तर ती रेघ हलते.

दोन रोख्यांची तुलना करायची तर हे आणखी जाणवतं. '7.18% जीएस 2033' या रोख्याची कूपनं 14 फेब्रुवारी आणि 14 ऑगस्टला. त्याच 20 जूनला त्याच्या पोटात 126 दिवसांचं व्याज, म्हणजे शंभराला 2 रुपये 51 पैसे. आमच्या रोख्यात 1 रुपया 42 पैसे. दोघांचा क्लीन भाव समजा सारखा असता, तरी डर्टी किमतीत रुपयाहून जास्त फरक पडला असता, आणि तोही जवळजवळ सगळा तारखांमुळे. असा भाव लावणं म्हणजे दोन पोरांची उंची मोजताना एकाला पाटावर उभं करणं.

शेअरबाजारात नोंदलेले कंपन्यांचे रोखे किरकोळ विभागात बरीच वर्षं व्याज पोटात धरूनच विकले जात. व्याजाची तारीख उलटली की भाव धपकन खाली यायचा आणि नवा गुंतवणूकदार घाबरून फोन करायचा, "कंपनी बुडाली का हो?" कंपनी ठीक असायची. ब्रोकन तेवढा घरी गेलेला असायचा.

त्याच्या काही लकबी आहेत. पहिली म्हणजे त्याचं पंचांग. आपल्या सरकारी रोख्यांत त्याच्या लेखी प्रत्येक महिना 30 दिवसांचा. 30 मेला पैसे दिले काय आणि 31 मेला दिले काय, 8 एप्रिलपासून त्याचे दिवस 52 च. म्हणजे 31 मेचा दिवस विकणाऱ्यानं फुकट सांभाळला. फेब्रुवारीत तो हीच उसनवारी फेडतो. साध्या वर्षात 28 फेब्रुवारीच्या पुढचा दिवस 1 मार्च, पण त्याच्या वहीत एका रात्रीत तीन दिवस चढतात. ब्रिटनमध्ये याचाच भाऊबंद कॅलेंडरचे खरे दिवस मोजतो, आणि तिथं त्याची आणखी एक तऱ्हा आहे. तिथल्या सरकारी रोख्यांत कूपनच्या आधीच्या कामकाजाच्या सात दिवसांत व्याजाचा हक्क विकणाऱ्याकडेच राहतो. त्या दिवसांत रोखा घेतला तर ब्रोकन उणे होतो, आणि विकणाराच घेणाऱ्याला उरलेल्या दिवसांचे पैसे वळते करतो. म्हणून रोखा कुठला आणि दिवस मोजायची रीत कुठली, हे न विचारता त्याचा आकडा काढू नये. संगणकाच्या तक्त्यात दिवसगणतीचा पर्याय चुकीचा निवडला तर उत्तर दोन-चार पैशांनी चुकतं, आणि 5 कोटींवर एक पैसा म्हणजे 5,000 रुपये.

दुसरी लकब जरा नाजूक आहे. त्याला मी आत्ताच प्रामाणिक म्हणालो. पण तो किंचित जास्त मागतो. बारकाईनं पाहिलं तरच दिसतं.

तो सरळ रेषेत चालतो. रोज सारखं पाऊल. खरं व्याज मात्र चक्रवाढीनं चालतं: सुरुवातीला किंचित हळू, शेवटी किंचित भरभर. दोघं कूपनच्या दिवशी बरोबर एका ठिकाणी पोहोचतात, पण वाटेत ब्रोकन थोडा पुढं असतो. समजा, 8 एप्रिलला आमचा रोखा बरोबर 100 ला होता, आणि 20 जूनपर्यंत बाजाराचा व्याजदर 7.10 टक्क्यांवर तसूभरही हलला नाही. सहामाही वाढ 3.55 टक्के, त्यातला 180 पैकी 72 दिवसांचा, म्हणजे दोनपंचमांश काळ सरला. चक्रवाढीनं रोख्याची पूर्ण किंमत येते 101.4052. त्यातून ब्रोकनचे 1.42 वजा केले की क्लीन प्राइस उरतो 99.9852. व्याजदर जागचा हलला नाही, तरी भाव दीड पैशानं खाली! 5 कोटींवर सुमारे 7,400 रुपये. ते कुठंही गेलेले नाहीत. ब्रोकननं आपल्या हिश्शापेक्षा तेवढे जास्त उचलले, म्हणून भावानं तेवढे कमी घेतले. बेरीज तीच. पुढं 8 ऑक्टोबर जवळ येईल तसा तो खड्डा भरून भाव पुन्हा 100 वर येतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सूत्रात चूक शोधत दोन तास घालवले होते. चूक नव्हती. हिशेब सोपा राहावा म्हणून बाजारानं त्याला सरळ चालायची मुभा दिली आहे, तिची ही किंमत.

पण त्यानं घोळ घातला तो वहीत. आमच्याकडे एका नव्या मुलानं हा सौदा नोंदवला तो असा: रोखे खरेदी, 5 कोटी 12 लाख 10 हजार. एकच ओळ. बँकेतून गेले तेवढे, म्हणजे किंमत तेवढी, असा त्याचा सरळ विचार. 8 ऑक्टोबरला कूपन आलं 17 लाख 75 हजार. त्यानं ते अख्खं उत्पन्नात घेतलं. सहामाहीच्या तक्त्यात व्याजाचं उत्पन्न छान दिसायला लागलं. कुणाला वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणी तपासलं नाही.

सापडलं ते दुसऱ्याच कारणानं. रोख्यांचं बाजारभावानं मूल्यांकन करताना आमच्या पुस्तकातला भाव शंभराला 102.42 निघाला, आणि डील स्लिपवर 101. पुस्तकातला भाव आणि डील स्लिपवरचा क्लीन भाव जुळत नसेल तर पहिला संशय ब्रोकनवर घ्यावा. तो चुकून भावाच्या खोलीत जाऊन झोपलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: विकणाऱ्याला दिलेलं मधल्या मुदतीचं व्याज रोख्याच्या किमतीत मिळवायचं नाही, ते नफातोटा पत्रकात खर्ची टाकायचं.

मी त्या मुलाला जवळ बसवून ताळा करून दाखवला. आपण रोखा धरला 20 जून ते 8 ऑक्टोबर. त्याच्या पंचांगानं 108 दिवस. 5 कोटींवर 108 दिवसांचं व्याज 10 लाख 65 हजार. हे आपलं खरं उत्पन्न. विकणाऱ्याचे 72 दिवस, 7 लाख 10 हजार, ते आपण आधीच देऊन बसलोय. दोन्ही मिळून 17 लाख 75 हजार. कूपन तेवढंच आलंय. आता तू अख्खं कूपन उत्पन्नात घेतलंस, म्हणजे दुसऱ्याचे 7 लाख 10 हजार आपला नफा म्हणून दाखवलेस. आणि ते किमतीत मिळवून ठेवलेस, म्हणजे पुढं रोखा विकताना किंवा फेडीच्या वेळी तेवढाच तोटा दिसणार. आज खोटा आनंद, उद्या खोटं दुःख.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, म्हणजे बेरीज शेवटी शून्यच. मग बिघडलं काय?"

बिघडतं ते असं, की मधे मार्च येतो, आयकर येतो. खर्च मान्य नाही आणि कूपन मात्र पूर्ण करपात्र, असं झालं तर कर भरायचा 17 लाख 75 हजारांवर, कमावलेले असतात 10 लाख 65 हजार. हा वाद काल्पनिक नाही. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खरेदीच्या वेळी दिलेलं असं व्याज भांडवली खर्च धरलं होतं. पुढं 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात वेगळी वाट धरली: विकताना मिळालेला ब्रोकन तुम्ही करपात्र उत्पन्न धरता, मग घेताना दिलेला खर्च का धरत नाही? वाद तरीही मिटला नाही. बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात 16 ऑक्टोबर 2024 ला न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठानं निकाल दिला, की मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून घेतलेले रोखेही बँक व्यापारी साठा म्हणून बाळगत असेल, तर दिलेला ब्रोकन महसुली खर्च म्हणून वजा मिळेल. ते रोखे निव्वळ गुंतवणूक म्हणून धरलेले असतील, तर नाही. म्हणजे ब्रोकन तोच, रक्कम तीच. मालक व्यापारी की गुंतवणूकदार, यावर त्याची जात ठरते. अख्ख्या कारकिर्दीत स्वतःचं मत नसलेल्या या गड्यावरून देशातल्या बँका आणि आयकर खातं इतकी वर्षं कोर्टात उभी राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

मी निवृत्त झालो. त्यानंतर एका सकाळी तात्यांचा फोन आला. नातवानं त्यांना रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं उघडून दिलं होतं. तिथं 10,000 रुपयांपासून सरकारी रोखा घेता येतो. तात्यांनी 1 लाखाचा घेतला होता.

"साहेब, भाव बघून हिशेब केला आन् पैशे जास्तीचे कापले," ते म्हणाले. माझ्या तोंडून "तात्या, ते..." एवढंच निघालं.

"ठावं हाय मला. वैरणीचे. पोरगं म्हणत होतं तक्रार टाकू. म्या म्हणलं, गप बस, आधी दिवस मोज."

"मग मोजले का?"

"मोजले की. एकतीस तारखेवर भांडण झालं आमचं. त्यो म्हणतोय धर, मी म्हणतोय सोड. म्हणून तर फोन केला. एकतीस धरायची का सोडायची?"

"सोडायची, तात्या."

पलीकडून नातवाला ऐकू जाईल अशा बेतानं ते ओरडले, "सोडायची!"